बीईओ मराठीत करताय? आधी आकडे सोडवा

बँक्वेटची ऑर्डर शीट, म्हणजे बीईओ, 'मराठीत करून द्या' म्हटलं की बहुतेक जण ओळीखाली ओळ लावत सुटतात. कागद मराठी होतो, पण तो वाचून काय करायचं हे किचनलाही कळत नाही आणि सर्व्हिसलाही. बीईओत शब्द मोजकेच असतात. घोळ होतो तो आकड्यांत.

समजा मूळ शीटवर आहे: गॅरंटी २००, सेट २१०, व्हेज १४. याचं 'पाहुणे २००/२१०, शाकाहारी १४' केलंत की संपलं. शेफ एक आकडा धरणार, कॅप्टन दुसरा. गॅरंटी म्हणजे कमी लोक आले तरी पार्टी ज्याचे पैसे देणारच तो आकडा. सेट म्हणजे प्रत्यक्षात मांडायच्या जागा. ऐनवेळी वाढणाऱ्यांसाठी साधारण ३ ते ५ टक्के जास्त धरतात. म्हणून सर्व्हिसच्या कागदावर लिहा: 'दहा-दहाची २१ राउंड टेबलं, एकूण २१० कव्हर'. किचनच्या कागदावर: 'एकूण २०० प्लेटा. त्यातल्या १८६ नॉनव्हेज, १४ व्हेज. वर १० प्लेटांची तयारी'. 'त्यातल्या' हे लिहिलं नाही तर कोणीतरी २०० अधिक १४ बनवतंच. आणि वरच्या १० प्लेटा कसल्या, हे मूळ शीटवर नसेल तर बँक्वेट मॅनेजरला विचारा. मनाने भरू नका.

वेळेचंही तेच. 'डिनर ८:००' म्हणजे नक्की काय? पाहुणे बसणार, की पहिली प्लेट टेबलावर जाणार? समजा ८ ला बसणार, ८:१० ला स्टार्टर, ८:४० ते ९ भाषण, मग मेन कोर्स. भाषणात प्लेटांचा खडखडाट नको, म्हणून सर्व्हिससाठी ओळ होते: '८:३५ पर्यंत स्टार्टरच्या प्लेटा उचलून हॉल मोकळा'. किचनसाठी: 'मेन कोर्स ९ ला. कॅप्टनचा निरोप आल्याशिवाय प्लेटा भरायला घेऊ नका'. भाषणं वेळेत संपत नाहीत (कधी संपली आहेत?), आणि भरून ठेवलेल्या प्लेटा तोवर गार होतात. ही निरोपाची ओळ मूळ शीटवर बहुधा नसते. शेफ आणि मॅनेजरला विचारून ती घालाच.

सेटअपच्या नावांचं मराठीकरण मात्र कृपा करून नको. थिएटर, क्लासरूम, यू-शेप हे सगळे ओळखतात. फक्त क्रेसेंट असेल तर पुढे 'स्टेजकडे पाठ होईल अशी खुर्ची नाही, टेबलाला ६' असं लिहा. १२० माणसांना दहाच्या हिशोबाने १२ टेबलं पुरतात, सहाच्या हिशोबाने २० लागतात, आणि हे टेबलं लावून झाल्यावर कळलं तर सगळी पुन्हा हलवा.

शीट बदलली की मराठी प्रतही त्याच वेळी बदला. वर मोठ्या अक्षरात 'बदल २, दुपारी ४:००' लिहा, बदललेल्या ओळीखाली रेघ मारा आणि किचनच्या भिंतीवरची जुनी प्रत स्वतः काढून आणा.