तुकडे, शिवण आणि गोदाघाटाचा दगड : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "दादा, तुमची पद्धत म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम वाटला. मी अख्खा भाग एकदम सिलेक्ट करून `Generative Fill` मारतो, वर थोडं शार्पन करतो, प्रिंट भिंतीवर लागली की कुणाला काही कळत नाही. उलट तुमच्यासारखे तुकडे करून पाहिले तर प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाने केल्यासारखा दिसला, शिवणी लांबूनही कळत होत्या. आणि शेवटी बारीक पोत वरून चिकटवायचाच असेल तर एआय हवंच कशाला? क्लोन स्टॅम्प काय वाईट होता?"

नमस्कार. फोटोशॉपच्या `Generative Fill` ने, म्हणजे एआयने, मोठी जागा एकदम न भरता छोट्या तुकड्यांत भरून जोडायची पद्धत मी लेखात सांगितली होती, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. तुमचे तिन्ही मुद्दे वेगवेगळे आहेत. त्यातल्या पहिल्यात बरंच तथ्य आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

लेखात जे काम दाखवलं होतं ते नाशिकच्या गोदाघाटाचं पॅनोरमा होतं, गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या लॉबीसाठी. सहा फूट बाय दोन फूट, 200 पीपीआय, म्हणजे फाइल 14400 बाय 4800 पिक्सेलची. घाटाच्या पायऱ्यांवर कुणीतरी निळी ताडपत्री अंथरून ठेवली होती आणि तिने अडवलेला भाग होता साधारण 3000 बाय 1600 पिक्सेल. मी ज्या मॉडेलवर काम केलं ते एका वेळी जास्तीत जास्त 1024 पिक्सेलची बाजू तयार करतं. सिलेक्शन 3000 चं असलं तरी आत तयार होतं 1024 चंच, आणि फोटोशॉप ते जवळजवळ तिप्पट ताणून जागेवर बसवतं. म्हणजे आजूबाजूचा खरा दगड 200 पीपीआयचा, तर भरलेला भाग प्रत्यक्षात 68 पीपीआयच्या आसपासचा. नव्या मॉडेलांत ही मर्यादा वाढत चालली आहे, पण 14000 पिक्सेलच्या फाइलपुढे ती आजही तोकडीच पडते.

आता 68 पुरेसे की नाही, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. सर्वसाधारण चांगली नजर एक मिनिट कोनाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा ओळखते. दोन मीटरवरून त्याचा हिशेब 44 पीपीआयच्या आसपास येतो, अर्ध्या मीटरवरून 175 च्या. म्हणजे सिडकोच्या चौकातल्या फ्लेक्सला तुमची पद्धत बिनधास्त चालेल, मीही तिथे तेच करतो. पण लॉबीत लोक सोफ्यावरून उठतात, जवळ येतात आणि बोट लावून "हे रामकुंड, हा आमचा घाट" असं दाखवतात. तिथे खऱ्या दगडाला खेटून बसलेला गुळगुळीत भाग डोळ्यात खुपतो. शार्पन केल्याने तो सुधारत नाही, कारण शार्पन आहे त्या कडा ठळक करतं, नसलेली खडबड आणून देत नाही. तुमच्या फाइलवर 100 टक्के झूम करून भरलेला भाग आणि त्याच्या शेजारचा खरा भाग एकाच वेळी स्क्रीनवर ठेवून बघा. पायरीची कड ठसठशीत असेल आणि दगडाचा पृष्ठभाग मेणासारखा.

शिवणींचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही टाळता येतात.

पहिलं कारण असं की प्रत्येक तुकडा तयार होताना मॉडेलला मागच्या तुकड्याची काहीही आठवण नसते. त्याला दिसतात फक्त सिलेक्शनच्या भोवतालचे पिक्सेल. त्यामुळे एक तुकडा किंचित निळसर येतो, दुसरा एक छटा उजळ, तिसऱ्यात ऊन वेगळ्या बाजूने आल्यासारखं वाटतं. एकेकटे बघितले तर सगळे छान, शेजारी ठेवले की गोधडी. याउलट, अख्ख्या भागावर एकदम केलेल्या फिलमध्ये पोत नसतो, पण उजेड, सावली, रंग आणि पायऱ्यांची चाल मात्र एकसंध असते, कारण ते सगळं एकाच वेळी ठरलेलं असतं. माझी सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे. तुम्ही करता तो एकदम फिल मीही करतो, तो टाकून देत नाही. मोठ्या छटा त्याच्याकडून घ्यायच्या आणि बारीक पोत तुकड्यांकडून.

लेखात हा भाग मी घाईत उरकला होता, म्हणून इथे सविस्तर.

आधी एकदम फिल. तीन पर्यायांतला ज्यात पायऱ्यांच्या रेषा दोन्ही बाजूंच्या खऱ्या पायऱ्यांना नीट मिळतात तो निवडायचा, पोताकडे अजिबात बघायचं नाही. मग `Ctrl+Alt+Shift+E` ने सगळ्याचा एक सपाट लेयर काढायचा आणि त्याला 'आराखडा' नाव द्यायचं. त्यानंतर मार्की टूलची `Style` `Fixed Size` वर ठेवून 900 बाय 900 चं सिलेक्शन. मर्यादा 1024 असली तरी मी थोडं आतच राहतो. शेजारच्या तुकड्यांत 150 पिक्सेलची एकमेकांवर चढ ठेवली की चार आडवे आणि दोन उभे, अशा आठ तुकड्यांत 3000 बाय 1600 चा भाग पुरा होतो. सुरुवात कडेच्या तुकड्यांपासून, जिथे एका बाजूला तरी खरा दगड आहे. तिथून आत सरकत जायचं. प्रॉम्प्ट रिकामा ठेवायचा. 'काळा दगड' वगैरे लिहिलं की मॉडेल भोवतालचा दगड बघायचं सोडून स्वतःच्या मनातला दगड आणतं, आणि तो आपला बेसाल्ट नसतो.

तुकडे झाले की पुन्हा सपाट लेयर, नाव 'तुकडे'. त्याच्या दोन प्रती काढून खालच्या प्रतीवर 15 पिक्सेलचा `Gaussian Blur`, तिला म्हणूया 'धूसर'. मग वरच्या प्रतीवर `Image > Apply Image` उघडून हे भरायचं :

```
Layer: धूसर
Blending: Subtract
Scale: 2
Offset: 128
```

हे 8 बिट फाइलसाठी. 16 बिटला `Invert` वर टिक, `Blending: Add`, `Scale: 2`, `Offset: 0`. आता तुम्हाला राखाडी लेयर दिसेल, त्यात फक्त खडबड आहे, रंगछटा जवळपास नाहीत. त्याचा ब्लेंड मोड `Linear Light`. 'धूसर' काढून टाका आणि त्याच्या जागी 'आराखडा'ची प्रत आणून तिलाही तेवढाच 15 पिक्सेलचा ब्लर द्या. मग दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला ताडपत्रीच्या जागेपुरता मास्क, म्हणजे बाकी फोटोला हात लागत नाही. ताणल्यामुळे आराखड्याला आलेला मऊपणा इथे निरुपद्रवी ठरतो, कारण आपण त्याला त्याहून जास्त धूसर करूनच वापरतोय. आणि निळसर-उजळ तुकड्यांची गोधडी जाते, कारण तुकड्यांच्या छटा आपण घेतलेल्याच नाहीत.

15 हा आकडा कुठून आला? या फोटोत दगडावरचे खळगे पाच ते दहा पिक्सेलचे आहेत आणि पायरीची उंची 130 च्या आसपास. ब्लर खळग्यांपेक्षा मोठा आणि पायरीपेक्षा बराच लहान हवा. तो पाचवर आणला तर खळग्यांचा पोत निम्माशिम्मा गळून जातो आणि तुमचा मेणासारखा दगड परत येतो. साठवर नेला तर तुकड्यांच्या छटा मागच्या दाराने पुन्हा आत शिरतात. तुमच्या फोटोत दगड किती पिक्सेलचा दिसतो ते रूलर टूलने मोजा आणि त्यावरून ठरवा. माझा आकडा उचलू नका.

या पद्धतीची खरी अडचण कडांवर येते. आराखड्यातली पायरीची कड आणि तुकड्यातली कड पाच-सहा पिक्सेलने जरी इकडेतिकडे असली, तरी तिथे एक काळी आणि एक पांढरी अशी दुहेरी रेघ उमटते. ती दिसली की त्या कडेपुरता मूळ 'तुकडे' लेयर सर्वांत वर आणायचा आणि मास्क करून तेवढी पट्टी त्यातून घ्यायची. एवढ्या अरुंद पट्टीत छटेचा फरक लक्षात येत नाही.

शिवणींचं दुसरं कारण म्हणजे फेदर. माझा अंदाज आहे की तुम्ही तुकडे जोडताना मास्कला रुंद फेदर दिलात, सगळेच देतात. पण दोन वेगवेगळे पोत शंभर पिक्सेलवर हळूहळू एकमेकांत विरघळवले की मधल्या पट्ट्यात दोघांची सरासरी होते. एकाचा खळगा, दुसऱ्याचा उंचवटा, मिळून सपाट. लांबून जी 'शिवण' दिसते ती बऱ्याचदा हीच मऊ पट्टी असते. त्याऐवजी 150 च्या चढीमध्ये दोन दगडांमधला सांधा किंवा पायरीखालची सावली शोधायची आणि मास्कची रेघ दहा-बारा पिक्सेलच्या ब्रशने त्या सांध्यावरून नागमोडी न्यायची. जिथे मुळातच रेघ आहे तिथे आणखी एक रेघ लपते.

पोत पुरेसा आला की नाही हे डोळ्यावर सोडू नका. राखाडी लेयर एकटा दिसता ठेवा, ग्रुपचा मास्क तात्पुरता बंद करा आणि लेयरचा मोडही तेवढ्यापुरता `Normal` करा. `Histogram` पॅनेल `Expanded View` मध्ये उघडून सारख्याच उन्हातल्या खऱ्या पायरीवर 300 बाय 300 चं सिलेक्शन करा आणि `Std Dev` वाचा, मग भरलेल्या भागात वाचा. माझ्याकडे खऱ्या दगडावर 11 च्या आसपास येत होतं आणि तुकड्यांवर 9. एकदम केलेल्या फिलचा असाच राखाडी लेयर काढून बघितला तर 4. 9 ते 11 मधला फरक मुख्यतः कॅमेऱ्याच्या ग्रेनचा. त्याच लेयरवर थोडा एकरंगी `Add Noise` दिला की भरून निघतो. 4 ते 11 मधला फरक नॉइजने भरायला गेलात तर दगड नाही, वाळू दिसते.

क्लोन स्टॅम्पबद्दल. छोट्या जागेला तो आजही माझा पहिला पर्याय आहे, आणि राखाडी लेयरवर खऱ्या दगडाची खडबड क्लोन करून आणणं ही तर सर्वांत प्रामाणिक भर. पण इथे 3000 पिक्सेलची जागा भरायची होती आणि शेजारी मोकळा दगड होता हातभर. तेच चार दगड पुन्हा पुन्हा आले असते, आणि वरच्या पायरीचा दगड खालच्या पायरीला लावला की लांबी-रुंदीचं प्रमाणही चुकतं.

एक बंधन मात्र मी पाळतो. तुकड्यांचं सिलेक्शन गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या जवळपासही नेत नाही, पाटी किंवा कोरीव अक्षरं असतील तिथेही नाही. दगडाचा खळगा खरा की बनवलेला याने कुणाचं बिघडत नाही. पण पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय यावरून नाशिककर पूर किती आला ते सांगतात, आणि मॉडेलने तिथे पाण्याची रेघ वीतभर वर-खाली केली तर आपण पूरच खोटा छापला.

तुमची जोडलेली फाइल अजून लेयरसकट असेल तर अख्खी प्रिंट काढायच्या आधी, शिवण मधोमध येईल अशी फूटभर लांबीची पट्टी खऱ्या मापात आणि त्याच कागदावर छापून बघा. फेदर काढून सांध्यावरून मास्क नेलात की तिच्यात काय फरक पडतो ते इथेच कळवा.