चुकीचा आकडा गेला? दुरुस्तीची घाई करू नका

समजा भाऊ, अतिवृष्टीच्या पंचनाम्याचा तक्ता मेलने तालुक्याला गेला आणि चहा पिता पिता लक्षात आलं, की सोयाबीनचं बाधित क्षेत्र ६८.४० हेक्टरऐवजी ८६.४० टाइप झालं. घाबरू नका. दोन दिवस गप्प बसा. तेवढ्यात तो आकडा मंडळाच्या बेरजेत जाईल, बेरीज जिल्ह्याला जाईल, आणि एका चुकीची चार टेबलांवर सोय लागेल.

जुन्या कारकुनांपासून मात्र जपा. दोन शेजारचे अंक उलटे पडले, की फरकाला नऊने भाग जातो, हे त्यांना ठाऊक असतं. फरक १८ दिसला, की ते गालातल्या गालात हसतात.

मग मेल परत बोलवा. आउटलुकचं रिकॉल आपल्याच संस्थेतल्या मेलपुरतं चालतं. बाहेर गेलेला मेल काही परत येत नाही. फक्त ‘परत घ्यायचा आहे’ अशी सूचना पोचू शकते, आणि ज्यांनी मेल उघडला नव्हता तेही मुद्दाम उघडतात. जीमेलवाल्यांना जास्तीत जास्त ३० सेकंद. तेवढ्यात आपला चहा बशीतही उतरत नाही.

आता खुलासा लिहा. लाईट गेली होती, रेंज नव्हती, ऑपरेटर नवा होता, काकाजींचं तेरवीचं जेवण होतं. बरोबर आकडा मात्र लिहू नका. ‘सोबतचा तक्ता पाहावा’ एवढंच. फाईलचं नाव जुनंच ठेवा, म्हणजे खरी कोणती हे कोडं राहील. आणि मेल फक्त साहेबांना पाठवा. प्रतीतले बाकीचे पाच जण जुन्या आकड्यावर सुखात आहेत, त्यांना कशाला उठवायचं?

आमच्या यवतमाळकडच्या एका नव्या कृषी सहायक पोरीनं हा सगळा थाट घालवला. त्याच मेलला सगळ्यांना उत्तर, आणि विषयात ‘दुरुस्ती: सोयाबीन बाधित क्षेत्र ६८.४० हे.’ खाली एवढंच:

‘आज सकाळच्या तक्त्यात ओळ ४ मध्ये ८६.४० हेक्टर गेले आहे, ते ६८.४० वाचावे. त्यामुळे मंडळाची बेरीज ४१२.६० ऐवजी ३९४.६० होते. शेतकरी संख्या व इतर गावांचे आकडे तेच आहेत. “सुधारित” नावाची फाईल जोडली आहे, आधीची वापरू नये. चूक माझी, क्षमस्व.’

ना लाईट, ना रेंज. बेरीज बदलली हेही तिनंच सांगून टाकलं, म्हणजे फोन करून विचारायची मजाही गेली. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘नोंद घेतली.’

शेजारच्या टेबलावरचे भाऊ हळहळले. “काय बाई, एवढी मोठी चूक, अन् एक मीटिंग नाही झाली!”