पेला आधी अर्धा होता, मग पाऊण कसा झाला?

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला एखाद्या सिनेमातला स्क्रीनशॉट पाठवतं. पेल्याभोवती लाल गोल काढलेला असतो आणि खाली प्रश्न, 'तुम्हा एडिटर लोकांना हे दिसत नाही का?' दिसतं हो. तुम्ही ते एकदा पाहिलंत, आम्ही तीनशे वेळा पाहिलेलं असतं. पाहून, त्यावर भांडून, शेवटी तसंच ठेवलेलं असतं. का ठेवतो, आणि जे ठेवत नाही ते कसं लपवतो, हे आज एकाच सीनवरून सांगते. सीन मीच कापलेला आहे. सिनेमाचं नाव सांगणार नाही, नाहीतर तुम्ही लाल गोल काढायला बसाल.

सीन साधा. वडील आणि मुलगी टेबलाशी समोरासमोर बसलेत. मध्ये एक पत्र, वडिलांजवळ पाण्याचा पेला, एका बाजूला पश्चिमेची खिडकी. पडद्यावर अडीच मिनिटं. ही अडीच मिनिटं शूट व्हायला दुपारचे दोन ते संध्याकाळचे साडेपाच लागले. आधी दोघं दिसतात तो मास्टर, मग मुलीच्या बाजूचे सगळे शॉट, म्हणजे वडिलांच्या खांद्यावरून घेतलेलं सजेशन आणि तिचा क्लोज. मग कॅमेरा उचलून पलीकडे, आणि शेवटी वडिलांचा क्लोज. म्हणजे मुलगी साडेतीनला प्रश्न विचारते आणि वडील पाच वाजता उत्तर देतात. पडद्यावर मधे एक श्वास जातो.

आता पेला. मास्टरमध्ये वडील डाव्या हाताने पाणी पितात आणि पेला अर्धा करून ठेवतात. क्लोजच्या पहिल्या चार टेकमध्येही तसंच. पाचव्या टेकला अभिनेता वाक्याच्या मधेच थांबला, त्याचा आवाज आत गेला, आणि हातात आला तो उजव्या हाताने उचललेला पाऊण भरलेला पेला. कंटिन्युइटी, म्हणजे शॉटाशॉटात वस्तू आणि हालचाली जुळतात का हे सांभाळणाऱ्या सहायिकेच्या कागदावर नोंद स्वच्छ होती: टेक 5, अभिनय सर्वांत छान, पेला आणि हात चुकले. तिने चूक पकडली नाही असं कुणी म्हणू नये. तिने पकडली, सांगितली, आणि सहावा टेक घेतलाही. त्यात हात बरोबर होता आणि माणूस गायब होता.

मी पाचवा घेतला. यावर माझं मत पक्कं आहे, दिग्दर्शकाशी त्यावर अर्धा दिवस घातलाय. वॉल्टर मर्च या एडिटरने कट करताना काय जपायचं याची उतरंड लावली आहे: भावना 51 टक्के, गोष्ट 23, लय 10, प्रेक्षकाची नजर 7, पडद्याची सपाट मांडणी 5, आणि खोलीत कोण कुठे आहे याचं सातत्य 4. आकडे त्याने काहीसे गमतीत दिलेत, पण उतरंड गमतीची नाही. पेला त्या शेवटच्या चार टक्क्यांत येतो.

शिवाय प्रेक्षक पेला बघत नसतो. लेव्हिन आणि सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली एक छोटी फिल्म दाखवून हे तपासलं होतं. दोघी बोलत बसलेल्या, आणि कटाकटाला मुद्दाम केलेले नऊ बदल, त्यात एकीचा स्कार्फ येतो-जातो आणि टेबलावरच्या प्लेटांचा रंगही बदलतो. पहिल्यांदा पाहताना दहा जणांपैकी एकालाच काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. पॉज करून पाहणारा माणूस वेगळा, गोष्टीत अडकलेला माणूस वेगळा.

पण म्हणून काहीच करायचं नाही असं नाही. नजर पेल्याकडे जाऊच नये, एवढी सोय करावी लागते. मास्टरमध्ये वडिलांचा डावा हात पेल्याकडे निघतो. तिथून थेट क्लोजवर गेलं की डाव्याचा उजवा झालेला लगेच खटकतो. हात तोच असता तर हालचालीच्या मधेच कट मारला असता आणि पाण्याची पातळी कुणाला कळलीही नसती, कारण हलणाऱ्या पेल्यात पातळी वाचता येत नाही. इथे ते शक्य नव्हतं. म्हणून मी हात निघताक्षणी मुलीच्या क्लोजवर गेले. ती ऐकतेय. वडिलांचं वाक्य तिच्या चेहऱ्यावर सुरू होतं, पाच-सहा शब्द जातात, आणि मग वडील दिसतात, पेला ओठांपासून खाली येत असताना. मधल्या दीड सेकंदात त्यांनी तो कसा उचलला हे प्रेक्षक स्वतःच जोडून घेतो.

नंतर पेला टेबलावर दिसतो तो फ्रेमच्या तळाशी. शूट 4के होतं आणि सिनेमा त्याच्या निम्म्या रुंदीच्या 2के मध्ये निघणार होता, त्यामुळे फ्रेम थोडी मोठी करून तळ कापून टाकला. कागदावर दुप्पट मोठं करायची मुभा असते. मी सव्वापटीच्या पुढे सहसा जात नाही. त्यापुढे लेन्सचा मऊपणा आणि नॉइजचे दाणे दिसायला लागतात, आणि समोरच्या माणसाच्या क्लोजपेक्षा हा क्लोज उगाच जवळचा वाटतो. संवादात एक जण विनाकारण जवळ आला की अर्थ बदलतो.

दुसरी युक्ती मास्टरमध्ये वापरली. वडील दुसऱ्या टेकमध्ये छान होते, मुलगी चौथ्यात. कॅमेरा स्टँडवर, हलला नव्हता. मग फ्रेमचा डावा अर्धा दुसऱ्या टेकचा, उजवा चौथ्याचा, आणि शिवण दोघांच्या मधल्या मोकळ्या भिंतीवरून खाली टेबलापर्यंत. ही शिवण कडक ठेवायची नाही, कडा थोड्या विरघळवायच्या. एकदा जमली की बापालेकीला सुद्धा कळत नाही की त्या क्षणी ते एकत्र नव्हते. पण पत्र एकाकडून दुसऱ्याकडे सरकतं तिथे हात शिवण ओलांडतो, आणि मनगट मधेच कापलं जातं. म्हणून पत्र सरकायच्या आधी पूर्ण चौथ्या टेकवर यावं लागलं.

हे सगळं एका दुपारचं काम. माझे खरे चार दिवस खाल्ले ते उजेडाने.

लोक पेल्याचे स्क्रीनशॉट पाठवतात, उजेडाचा कुणी पाठवत नाही, आणि मला तेच उलटं वाटतं. पेला एकदा चुकतो. उजेड चुकला की तो प्रत्येक कटला चुकतो. या सीनमध्ये वडील-मुलगी अशी एकवीस वेळा अदलाबदल आहे, म्हणजे एकवीस वेळा डोळ्यांना टोचणी. प्रेक्षकाला 'उजेड बदलला' असं कळत नाही, त्याला फक्त सीन तुटक वाटतो, आणि दोष तो अभिनयाला देतो.

सूर्य तासाला 15 अंश सरकतो. मास्टरच्या वेळी ऊन खिडकीजवळच्या जमिनीवर होतं, फ्रेमच्या बाहेर. पाचला सूर्य खाली आला तसं ते खोलीत आत शिरलं आणि वडिलांच्या मागच्या भिंतीवर चढलं, खिडकीच्या गजांच्या सावल्यांसकट. भर दुपारच्या उन्हाचा रंग साधारण 5500 केल्विनचा, मावळतीकडे तो 3500 च्याही खाली येऊन तांबूस होतो. मुलगी गार, मऊ उजेडात. वडील तांबूस, नाकाची सावली गालावर धारदार. (खिडकीबाहेर कापड लावून ऊन अडवायचं ठरलं होतं. वेळ नव्हता. सेटवर नेहमी वेळच नसतो.)

सगळे म्हणतात, 'कलरिस्ट बघून घेईल.' कलरिस्ट म्हणजे कापून झाल्यावर शॉटांचे रंग जुळवणारा. तो काय बघतो ते सांगते. वडिलांचा तांबूसपणा अर्धा काढायचा आणि मुलीला थोडी ऊब द्यायची, म्हणजे दोघं मधे कुठेतरी भेटतात. सगळा भार एकावर टाकला तर त्वचा राखाडी पडते. मग भिंतीवरच्या उन्हाच्या तुकड्याभोवती मास्क, म्हणजे तेवढ्याच भागापुरता आकार आखून तो उजेड दाबायचा. वडील मागे टेकले की खांदा मास्कमध्ये शिरतो आणि खांद्याचा एक कोपरा काळवंडतो, म्हणून फ्रेममागून फ्रेम आकार सरकवत बसायचं. एवढं करूनही नाकाची धारदार सावली तशीच राहते. रंग बदलता येतो, सावलीची कड सहजी मऊ करता येत नाही. तिथे कलरिस्टने हात टेकले आणि काम परत माझ्याकडे आलं.

उपाय कापण्यातच सापडला. चूक दिसायला तुलना लागते. वडिलांच्या क्लोजमध्ये त्यांच्या मागची भिंत दिसते, मुलीच्या क्लोजमध्ये वेगळी. या दोन भिंतींवर सारखा उजेड असायला हवा असं प्रेक्षकाला कोण सांगतं? मास्टर सांगतो, कारण त्यात दोन्ही भिंती एकत्र दिसतात. माझ्या पहिल्या कटमध्ये मास्टर चार वेळा येत होता आणि प्रत्येक वेळी वडिलांमागची भिंत उन्हाशिवाय दिसायची. मी तो सुरुवातीला एकदाच ठेवला आणि वडिलांचा पहिला क्लोज आल्यावर पुन्हा त्याच्याकडे गेलेच नाही. म्हणजे शिवण जमलेला तो लाडका तुकडा सुद्धा अर्ध्याहून जास्त गेला. त्याचं वाईट वाटलं. पण तीन कट निघाल्याबरोबर सीन आपोआप एका खोलीत आला.

धारदार सावलीसाठी वडील पुढे झुकलेले तुकडे निवडले. तेव्हा चेहरा थेट उन्हातून बाहेर येतो. ते मागे टेकतात तेव्हा मुलीवर. वरून खोलीचा एकच आवाज अखंड, बाहेरचे पक्षी, दूरची वाहनं, अडीच मिनिटं न तुटता. प्रत्येक टेकचा मागचा आवाज वेगळा होता, तो जसाच्या तसा ठेवला असता तर प्रत्येक कटला कान दचकला असता आणि डोळे जागे झाले असते.

एक गोष्ट मात्र मी करत नाही. काही जमत नसलं की पंखा, घड्याळ, टेबलावरचं बोट असा शॉट मधे टाकायचा. घड्याळ तर कधीच नाही, त्यात साडेपाच वाजलेले असतात! असला शॉट चूक झाकतो आणि त्याच वेळी ओरडून सांगतो की इथे काहीतरी झाकलंय. तुम्हाला खरंच एडिटरला पकडायचं असेल तर पेले सोडा आणि हे बघा: बोलणारा दिसत नाही आणि ऐकणाऱ्यावर शॉट जरा जास्तच रेंगाळतो, एखादाच क्लोज बाकीच्यांपेक्षा दाणेदार आहे, किंवा पाठमोऱ्या माणसाचा जबडा हलत नाही आणि वाक्य ऐकू येतं. शेवटचं तर या सीनमध्येही आहे, मुलीच्या सजेशनमध्ये. वडिलांचं 'मला माहीत होतं' हे वाक्य पाचव्या टेकचं आहे, आणि पाठमोरे वडील त्या वेळी गप्प बसलेत.

सिनेमा आल्यावर या सीनबद्दल एकच तक्रार आली, की मुलीची बट एका कटला कानामागे आणि पुढच्या कटला पुढे आहे. मी परत जाऊन पाहिलं. मधल्या तुकड्यात ती स्वतःच हाताने पुढे घेते, आणि तो हात मीच कापून टाकलाय.