कराड–चिपळूण, एगलेस

१ जून हा महाराष्ट्रातल्या घरगुती केकवाल्यांच्या सुगीचा दिवस. एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख आईने नव्हे, तर शाळेतल्या गुरुजींनी ठरवली आणि गुरुजींची आवडती तारीख १ जून. त्यातून एसटीचाही वाढदिवस तोच. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर अशी पहिली बस धावली. तेव्हा एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हर आबांची पंच्याहत्तरी गुरुजींच्या कृपेने १ जूनलाच आली, तर त्यात नवल नाही. केक लालपरीचाच हवा, यातही नवल नाही. नवल होतं ते आबांच्या सुनेने पाठवलेल्या तीन फोटोंत. सोबत निरोप, “ताई, यातलं कुठलंही करा, पण सेम टू सेम.”

आमचे हे बँकेत आहेत. त्यामुळे आमच्या घरी निर्णय होत नाहीत, मूल्यमापन होतं. त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले : सफाई, थीम आणि ‘जमेल का’. प्रत्येकी दहा गुण. परीक्षक म्हणून सासूबाई आपणहून खुर्ची ओढून बसल्या.

पहिल्या फोटोत फॉन्डंटची उभी बस. चारही चाकांवर, झळझळीत लाल, एक सुरकुती नाही. सफाईला नऊ. सासूबाई फोटो जवळ-लांब करत म्हणाल्या, “वरच्या मजल्यावर कोण बसतंय गं?” बस लंडनची होती. लाल आहे एवढ्या भांडवलावर तिला थीमचे दोन गुण मिळाले. मी म्हटलं, एक मजला उडवू आणि आपली एसटी करू. मग मोजायला बसले. खरी एसटी उंचीच्या साडेतीन पट तरी लांब असते आणि रुंदीला उंचीपेक्षा कमी. म्हणजे केक साडेचार इंच उंच धरला तर लांबी सोळा इंच, रुंदी जेमतेम चार. असा अरुंद, उंच केक पहिल्याच स्पीडब्रेकरला आडवा होतो. फोटोवाले यावर बस आखूड आणि गुबगुबीत करून मोकळे होतात. पण आयुष्यभर कुंभार्ली घाट चढवलेल्या माणसापुढे मिनीबस ठेवायची हिंमत माझ्यात नाही. शिवाय सोळा इंचांच्या बसला अठरा इंचांचा बोर्ड लागतो, आणि माझ्या फ्रीजचं दार त्यावर बंद होत नाही. हा हिशोब स्पंज भाजायच्या आधी करायचा असतो. ‘जमेल का’ : तीन, तेही ह्यांनी सहानुभूती म्हणून दिले.

दुसरा फोटो दिसायला सगळ्यांत गोड. पांढरा गोल व्हिप क्रीमचा केक, त्याच्या कडेने फिरलेला काळा रस्ता, वर चिमुकली बस. मला स्वतःला आवडला होता, म्हणून मी गप्प होते. पण व्हिप क्रीम आणि फॉन्डंट यांचं पटत नाही. फॉन्डंटमधली साखर क्रीममधलं पाणी ओढून घेते. तासाभरात रस्त्याची पट्टी चिकट होते, मग खाली सरकते, आणि काळा रंग पांढऱ्या क्रीमवर ओघळून रस्त्याला घाटाचं स्वरूप येतं. वरची बस वाचवता येते. ती दोन-तीन दिवस आधी, फॉन्डंटमध्ये तो कडक करणारी चिमूटभर सीएमसी पावडर मळून, करून सुकवायची आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवून शेवटच्या क्षणी केकवर चढवायची. रस्त्याला असा इलाज नाही. तो क्रीमचाच काढावा, तर काळं क्रीम खाल्लेल्या पाहुण्यांचे दात पुढे अल्बममध्ये दिसतात. सासूबाईंचा आक्षेप वेगळाच होता. “आबांनी चालवली ती एवढीशी?” थीम पाच.

तिसरा म्हणजे फोटो केक. आबा, मागे बस, खाली शुभेच्छा. ह्यांनी ‘जमेल का’मध्ये दहापैकी दहा लिहून पेन खाली ठेवलं. छापील शीट आणायची, केकवर ठेवायची, झालं. झालं कसलं? स्वस्तातली वेफर शीट ओल्या क्रीमवर फुगते आणि कडा वळतात. शुगर शीट नीट बसते, पण महाग, आणि दमट हवेत तिचाही गडद रंग पसरतो. आधी पसरतं ते काळं, आणि फोटोतली काळी गोष्ट म्हणजे आबांच्या मिशा. तरी सफाईला सहा पडत होते. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, “सुरी कुठून घालणार? मानेवरून?”

रकाने संपले. अशा गोष्टींना गुण द्यायची सोय बँकेतही नाही.

मग मी पेन घेतलं. बस बाजूनेच का बघायची? स्टँडवर आपण ती बघतो समोरून, पाटी वाचायला. एसटीचं तोंड जवळजवळ चौकोनी असतं. सात इंच रुंद, साडेआठ इंच लांब, बोर्डवर आडवं ठेवलं की किलोभराचा केक होतो, बारा इंची बोर्डवर मावतो, फ्रीजमध्ये जातो, आणि पडायचा प्रश्नच नाही, कारण तो आधीच पडलेला असतो. ऑर्डर दोन किलोंची, तेव्हा उरलेला किलो साध्या चॉकलेटच्या चौकोनी केकचा. तो स्वयंपाकघरातच कापून थेट प्लेटांत. दोन किलोंवर नक्षी करण्यापेक्षा एका किलोवर करावी, पाहुण्यांच्या तोंडात दोन्ही सारखेच जातात.

ओळख पटवणारं सगळं समोरच असतं : वरची पाटी, मोठी काच, दोन दिवे, नंबरप्लेट. आत-बाहेर गनाश, एरवी मी डार्क कंपाऊंड आणि क्रीम दोनास एक घेते, या उकाड्यात तीनास एक. वर तीन मिलिमीटर लाटलेला तयार लाल फॉन्डंट. तयारच. पांढऱ्यात लाल रंग मळत बसलं की तो आधी गुलाबी होतो, मग राणी, आणि लाल होईपर्यंत हाताला चिकटायला लागतो. काच काळी न करता राखाडी केली, कारण फ्रीजमधून बाहेर आल्यावर फॉन्डंटला घाम फुटतो आणि काळा रंग लालवर उतरतो. घाम पुसायचा नाही, बोट लावायचं नाही, पंख्याखाली ठेवलं की आपोआप सुकतो. हे मी सुनेला निक्षून सांगितलं.

दिवे मात्र पट्टीने मोजून, मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर. जरा खालीवर झाले की बस डोळा मारते.

सफाई आठ, थीम नऊ, जमेल का आठ. ह्यांनी बेरीज दोनदा तपासली. पाटी लिहिली ‘कराड–चिपळूण’, नंबरप्लेटवर एमएच १४ काढलं, आणि बस स्कूटरच्या पायाशी ठेवून दुसऱ्या गिअरवर पोचवून आले.

संध्याकाळी सुनेचा फोन. आवाज दबका.

“ताई, सगळ्यांना खूप आवडला. पण आबा सुरी हातात घेऊन थांबलेत.”

“का?”

“म्हणतात, वायपर नाहीत. जूनचा महिना, पुढे कुंभार्ली. वायपर लागल्याशिवाय गाडी हलवणार नाही.”

“डब्यात पुठ्ठ्याखाली चॉकलेटच्या दोन जादा काड्या ठेवल्यात बघा. काचेवर तिरक्या टेकवा.”

फोन चालूच होता. मागून आबांचा आवाज आला, “डावा जरा वर घे.”