फुप्फुसाच्या कॅन्सरची गोळी आणि विम्याचा नकार: त्या फॉरवर्डला उत्तर

फिरत असलेला मेसेज असा: “लंग कॅन्सरच्या टार्गेटेड गोळ्या घरी घेतात, त्यामुळे विमा कंपनी त्यांचे पैसे कधीच देत नाही. तसंही केमोने तेवढाच फरक पडतो, गोळी म्हणजे नुसती महागडी सोय. अपील करायचंच असेल तर डॉक्टरांकडून ‘औषध अत्यावश्यक आहे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी आणा. नाहीतर एक रात्र ॲडमिट होऊन गोळी घ्या, क्लेम पास!”

आधी केमोचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ॲडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात काही रुग्णांच्या गाठीतल्या ईजीएफआर जनुकात बदल झालेला असतो, आणि त्या बदलामुळे पेशींना वाढत राहण्याचा आदेश मिळतच राहतो. टार्गेटेड गोळी नेमकी तो आदेश अडवते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ चाचणीत पूर्व आशियातल्या रुग्णांना जेफिटिनिबची गोळी किंवा केमो दिली होती. ज्यांच्यात हा बदल होता त्यांच्यापैकी गोळीवर ७१ टक्के जणांची गाठ लक्षणीय आकसली, केमोवर ४७ टक्के जणांची. ज्यांच्यात बदल नव्हता तिथे चित्र पूर्ण उलटं: गोळीवर जेमतेम १ टक्का, केमोवर सुमारे २३ टक्के.

म्हणजे गोळी सरसकट केमोपेक्षा चांगलीही नाही आणि सरसकट तेवढीच उपयोगीही नाही. रुग्णाच्या गाठीत काय आहे यावर उत्तर ठरतं. म्हणून अपिलाच्या पत्राचा कणा म्हणजे म्युटेशनचा, जनुकातल्या या बदलाचा, रिपोर्ट. तो न जोडता पाठवलेलं पत्र कितीही कळवळून लिहिलेलं असलं, तरी कंपनीच्या डॉक्टरला त्यात धरण्यासारखं काही सापडत नाही.

तीच गत दोन ओळींच्या चिठ्ठीची. ती फाइलला लागते, निकालावर तिचा परिणाम होत नाही. ‘मेडिकली नेसेसरी ट्रीटमेंट’ची व्याख्या विमा नियामकाने ठरवून दिलेली आहे आणि ती तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये छापलेली असते. तिच्यात चार अटी आहेत. उपचार त्या आजारासाठी गरजेचा हवा. व्याप्ती, कालावधी आणि तीव्रता यांत तो गरजेपेक्षा जास्त नसावा. डॉक्टरने लिहून दिलेला असावा. आणि आंतरराष्ट्रीय वैद्यकात किंवा भारतातल्या डॉक्टरांमध्ये सर्वमान्य असलेल्या मानकांना धरून असावा. पत्राने या चार अटींना एकेक करून उत्तर द्यायचं असतं.

उदाहरणासाठी एक रुग्ण धरू: ५८ वर्षांची, कधीही धूम्रपान न केलेली बाई. चौथ्या टप्प्याचा ॲडिनोकार्सिनोमा, ईजीएफआरमध्ये एक्झॉन १९ डिलीशन नावाचा बदल, मेंदूच्या एमआरआयमध्ये तीन लहान गाठी. डॉक्टरांनी ओसिमर्टिनिब ही टार्गेटेड गोळी लिहून दिली आहे, ८० मिलीग्रॅमची रोज एक. कंपनीचं म्हणणं, केमो उपलब्ध असताना हा उपचार आवश्यक नाही. पत्र सहसा इंग्रजीत जातं, पण त्यातला मजकूर साधारण असा हवा:

“रुग्णाच्या बायोप्सीत एक्झॉन १९ डिलीशन आढळलं आहे, रिपोर्ट जोडला आहे. या बदलासाठी ओसिमर्टिनिब हा एनसीसीएन या अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेत पहिल्या फळीचा उपचार म्हणून सुचवलेला आहे. ‘फ्लॉरा’ चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ओसिमर्टिनिबवर १८.९ महिने, तर जेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब या जुन्या टार्गेटेड गोळ्यांवर १०.२ महिने होता. रुग्णाच्या मेंदूत गाठी आहेत आणि हे औषध मेंदूपर्यंत चांगलं पोहोचतं. आजार वाढेपर्यंत किंवा असह्य दुष्परिणाम होईपर्यंत ते चालू राहील. दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करून परिणाम तपासला जाईल.”

यातला जेफिटिनिबशी तुलना करणारा भाग बहुतेक पत्रांत नसतो, आणि अपील तिथेच अडकतं. कंपनीचा डॉक्टर जाणकार असेल तर तो केमोचा मुद्दा सोडून देतो आणि विचारतो, “स्वस्त जेनेरिक जेफिटिनिब का नको?” दुसऱ्या अटीत हा प्रश्न दडलेला आहेच. मेंदूतल्या गाठी हे त्याचं भक्कम उत्तर आहे. मेंदू स्वच्छ असेल तर उत्तर चाचण्यांच्या आकड्यांवर उभं करावं लागतं, आणि समोरच्याकडेही बोलायला जागा असते: टाटा मेमोरियलच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला होता. हा पर्याय या रुग्णाला का लागू नाही, हे डॉक्टरांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं. मूत्रपिंड कमजोर आहे, केमो झेपणार नाही, असं जे खरं कारण असेल तेच.

आता ‘कधीच देत नाही’. नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी दिली, आणि त्या पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असं सांगितलं. त्या यादीत ओरल केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरवर तोंडाने घ्यायचं औषध, आहे. मात्र पॉलिसीच्या मजकुरात ‘भरती होऊन किंवा डे-केअरमध्ये’ अशी पुस्ती असते, शिवाय रकमेची मर्यादाही असू शकते. भांडण खरं इथे आहे. कंपनी म्हणते, गोळी घरी घेतली म्हणजे ओपीडी. आपला युक्तिवाद असा: तोंडाने घ्यायचं औषध कव्हर करतो म्हणायचं आणि खाटेची अट घालायची, तर त्या कलमात उरतं काय? कलम संदिग्ध असेल तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावं, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही मान्य केलेलं आहे. यश मिळेलच असं नाही. ‘कधीच नाही’ मात्र चूक.

आणखी एक सरळ रस्ता लोक विसरतात. छातीत पाणी झालं म्हणून ते काढायला रुग्ण खरोखर भरती झाला असेल, तर डिस्चार्जनंतर पॉलिसीत दिलेल्या ६०, ९० किंवा जितक्या दिवसांची मुदत असेल तितक्या दिवसांचा त्याच आजाराचा औषधखर्च ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’मध्ये मागता येतो. गोळ्यांची बिलं त्या मुदतीतली हवीत.

एक रात्र भरतीचा सल्ला मात्र घातक आहे. गोळी गिळायला खाट लागत नाही, हे केस पेपर वाचणाऱ्याला लगेच कळतं. नर्सिंग नोंदींत तापमान आणि एक गोळी याखेरीज काही नसतं. मग ‘भरतीची गरज नव्हती’ हा नवा नकार येतो, आणि खोटा क्लेम केल्याचा ठपका बसला तर अख्खी पॉलिसी धोक्यात येते. जो क्लेम प्रामाणिकपणे लढता आला असता, तो आपणच संशयास्पद करून ठेवतो.

पत्र लिहायला बसण्याआधी नकाराचं कलम लेखी मागा. विमा नियामकाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार क्लेम नाकारायला क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेखही करावा लागतो. कलम ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’चं, म्हणजे सिद्ध न झालेल्या उपचाराचं, असेल तर चाचण्या आणि मार्गदर्शिका पुढे करा, ओपीडीचं असेल तर ओरल केमोथेरपीचं कलम. एकाचं उत्तर दुसऱ्याला पाठवणं ही नेहमीची चूक. तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. सोबत म्युटेशन रिपोर्ट, डॉक्टरांचं सविस्तर पत्र, एमआरआय, गोळ्यांची बिलं आणि नकाराचं पत्र न्या.