घराण्याचा शाप आणि त्याचे हप्ते

माझ्या काकूंच्या कपाटात घरखर्चाची एक जाड वही आहे. दूधवाला, वाणी, औषधे असे सगळे हिशेब त्यात तारखेवार लिहिलेले आहेत आणि मध्येच एका पानावर, वर नुसते ‘शांती’ एवढेच लिहून, खाली चार आकडे आहेत: 501, 11,000, 51,000 आणि 1,25,000. बाकी प्रत्येक पानाखाली काकूंनी बेरीज केलेली आहे, या पानाखाली केलेली नाही. ती मी केली. एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे एक.

हे पैसे ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ पत्रिकाही पाहतात आणि त्यांच्या अंगात ‘शक्ती’ही आहे, असे सांगितले जाते. त्यांचे नाव इथे लिहिणार नाही. घराण्याला शाप आहे हे एखाद्या शिकल्यासवरल्या बाईला पटते कसे, आणि पटल्यावर ती त्यातून बाहेर का पडू शकत नाही, हे मी या निमित्ताने जवळून पाहिले, म्हणून लिहितो आहे.

काकू गेल्या होत्या त्या मुलाच्या लग्नासाठी. दोन वर्षे स्थळे येऊन परत जात होती. त्यातच काकांच्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरत नव्हती. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. पहिल्या भेटीत 501 रुपये दक्षिणा घेऊन गुरुजींनी चौघांच्या, म्हणजे काका, काकू, मुलगा आणि मुलगी यांच्या पत्रिका मागवून घेतल्या आणि त्यांपैकी दोघांच्या पत्रिकांत पितृदोष असल्याचे सांगितले. काकू थक्क झाल्या. एकाच घरात दोघांना दोष, मग तो घराण्याचाच असणार, हे त्यांना गुरुजींनी सांगावेही लागले नाही.

मी स्वतः तरुणपणी हौसेने पत्रिका मांडायला शिकलो होतो, त्यामुळे इथे थोडा हिशेब करून पाहिला. पितृदोष म्हणून ज्या गोष्टी सर्रास सांगितल्या जातात त्यांत दोन मुख्य आहेत: सूर्य हा राहू, केतू किंवा शनीबरोबर एकाच राशीत असणे, आणि पत्रिकेच्या नवव्या स्थानात या तिघांपैकी कोणी असणे. सूर्य एका राशीत साधारण एक महिना राहतो. राहू, केतू आणि शनी हे मात्र संथ आहेत, राहू-केतू दीड वर्ष आणि शनी अडीच वर्षे एकाच राशीत मुक्काम करतात. म्हणजे कोणतेही वर्ष घेतले तरी बारापैकी जवळजवळ तीन महिने सूर्य या तिघांपैकी कोणाच्या तरी घरी असतो, आणि त्या तीन महिन्यांत जन्मलेले प्रत्येक मूल दोषी ठरते. नवव्या स्थानाचेही तसेच आहे, बारा स्थानांपैकी तीन स्थाने या तिघांनी अडवलेली असतात. दोन्ही नियम एकत्र लावले तर ढोबळमानाने शंभरातल्या चव्वेचाळीस पत्रिका दोषाच्या निघतात. चार माणसांच्या घरात एकाच्याही पत्रिकेत दोष नसण्याची शक्यता मग दहात एक एवढीच उरते. चौघांच्या पत्रिका मागवण्यामागे हे गणित होते की केवळ अनुभव, ते मला ठाऊक नाही. पण चार पत्रिका समोर ठेवणाऱ्या दहा कुटुंबांपैकी नऊ कुटुंबे त्या खोलीतून शाप घेऊनच बाहेर पडतील. शिवाय जे दहावे उरेल त्याच्यासाठी मंगळ आहे, कालसर्प आहे, वास्तू आहे.

दुसरी भेट अधिक महत्त्वाची होती. गुरुजींनी विचारले, घराण्यात कोणी अकाली गेले आहे का, कोणा बाईचा जीव तळमळून गेला आहे का, जमिनीवरून भांडण झाले आहे का? तीन पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाला आई-वडील, आजी-आजोबा आणि पणजी-पणजोबा मिळून चौदा पूर्वज असतात, आणि त्यांची भावंडे धरली तर पन्नासाच्या घरात माणसे होतात. त्या काळी बाळंतपणात बाया जात, तापाने मुले जात. ज्या घराण्यात असे कोणीच गेले नाही असे घराणे दाखवणे अवघड आहे. आमच्या पणजोबांची पहिली पत्नी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गेली आणि सहा महिन्यांत त्यांनी दुसरे लग्न केले, ही गोष्ट आमच्याकडे दबक्या आवाजात सांगितली जाते. काकूंनी ती गुरुजींना सांगितली. पुढच्या भेटीत गुरुजींनी डोळे मिटून, बराच वेळ थांबून, ‘हिरव्या लुगड्यातली एक सवाष्ण उंबऱ्याबाहेर उभी आहे, तिचा तळतळाट आहे,’ असे सांगितले. काकू मला हे सांगत होत्या तेव्हाही त्यांच्या अंगावर काटा उभा होता. ‘अरे, त्यांना कसे कळले?’ असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, ‘काकू, तुम्हीच नाही का सांगितलेत?’ त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पण लुगड्याचा रंग मी सांगितला नव्हता.’

रंग खरा की खोटा हे सांगायला आज कोणीही जिवंत नाही. अशा भेटीत तपासता येण्याजोगी माहिती यजमानाकडून येते आणि तपासता न येणारी महाराजांकडून, आणि घरी परतेपर्यंत दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेल्या असतात.

11,000 रुपयांची शांती झाली. लग्न जमले नाही, तेव्हा शाप तीन पिढ्यांचा असल्याचे निघाले आणि 51,000 रुपयांचा विधी ठरला. परंपरेतल्या विधींबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या घरात श्राद्धपक्ष होतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्रिपिंडी श्राद्ध असो वा साधी सत्यनारायणाची पूजा असो, आरंभी संकल्पात कोण, कशासाठी आणि काय करणार हे उच्चारले जाते आणि शेवटी विसर्जन होते. भटजी दक्षिणा घेऊन निघून जातात. काकूंच्या विधीला मात्र सांगताच नव्हती. प्रत्येक विधीच्या शेवटी पुढच्या विधीची गरज निर्माण होत होती आणि प्रत्येक वेळी एकच अट होती, कोणाला सांगायचे नाही, सांगितले तर फळ जाते. या अटीमुळे काकांनाही तिसऱ्या हप्त्यापर्यंत पत्ता नव्हता. पहिले दोन हप्ते फोनवरून पाठवलेले आहेत. त्यानंतर ‘विधीचे द्रव्य हातात द्यावे लागते’ असे सांगून रोख मागितले गेले.

दरम्यान जखमेवर अंगारा लावला जात होता. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे जखम चिघळली तरी पुरेसे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणजे उतार पडतो आहे असे घरच्यांना वाटते. काकांना रुग्णालयात नेले तोवर अंगठा काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. माझी समजूत अशी होती की आता तरी काकूंचा विश्वास उडेल. गुरुजींचे स्पष्टीकरण असे आले: शाप पूर्ण पायावर होता, विधीमुळे तो अंगठ्यावर निभावला. काकूंनी हे मला सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती, हे लिहिताना आजही मला राग आवरत नाही.

चौथा हप्ता, 1,25,000 रुपयांचा, पाटल्या मोडून दिला गेला. त्याआधी आलेला ध्वनिसंदेश काकूंच्या फोनमध्ये होता. ‘मी अनुष्ठानाला बसलो असता माझ्यातील शक्तीने स्पष्ट सांगितले आहे, सव्वा महिन्यात हे केले नाही तर पुढचा घाला मुलावर आहे, मग माझ्याकडे येऊ नका.’ आवाज अत्यंत शांत, जवळजवळ मायेचा आहे.

हा संदेश घेऊन मी काकांबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथे पहिले उत्तर मिळाले की हा श्रद्धेचा विषय आहे, तुम्ही स्वखुशीने पैसे दिले आहेत. हे उत्तर पूर्णपणे चुकीचेही नाही, आणि म्हणूनच कायदा नीट समजून घेऊन जावे लागते. फसवणुकीचे कलम, आता भारतीय न्याय संहितेचे 318, लावायचे तर समोरच्याचा हेतूच फसवण्याचा होता हे दाखवावे लागते, आणि ‘माझी स्वतःची श्रद्धा आहे’ असे तो म्हणू शकतो. ईश्वरी अवकृपेचे भय घालून एखादे कृत्य करायला लावणे हा 1860 च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे, तेव्हा ते कलम 508 होते, आता 354 आहे. पण त्यात ती अवकृपा आरोपीच्या स्वतःच्या कृतीने ओढवेल असे भासवलेले असावे लागते. ‘मी तुला शाप देईन’ म्हणणारा त्यात सापडतो. ‘शाप आधीचाच आहे, मी तर तो काढतो आहे’ म्हणणारा सुटू शकतो. आजचे महाराज शाप देत नाहीत, ते शाप शोधून काढतात.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा इथे अधिक उपयोगी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यातही ज्योतिषाने दिलेला सल्ला वगळलेला आहे, त्यामुळे केवळ ‘तुमच्या पत्रिकेत पितृदोष आहे’ या वाक्यावर काही होत नाही. मात्र आपल्या अंगी अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांच्या मनात भीती निर्माण करणे, किंवा आपले न ऐकल्यास वाईट परिणाम होतील अशी धमकी देणे, हे अनुसूचीत स्पष्टपणे लिहिलेले आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड 5,000 ते 50,000 रुपये, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. ‘माझ्यातील शक्तीने सांगितले’ आणि ‘केले नाही तर मुलावर’ हे दोन्ही तुकडे त्या एका संदेशात होते. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि तो पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा असू शकत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांनाच भेटायचे आहे असे सांगितले, तेव्हा संदेश ऐकला गेला. वहीतल्या पानापेक्षा आणि फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदींपेक्षाही त्या चाळीस सेकंदांना अधिक किंमत होती. विधी उरकला की हे संदेश पुसून टाकायला सांगितले जाते. काकूंनी पुसला नव्हता, कारण त्या तो पुन्हा पुन्हा ऐकत असत.

गुन्हा नोंदवण्यासाठी काकूंचा जबाब हवा होता. ‘मुलावर घाला’ हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत त्या आईने सही करायला नकार दिला. मी रागावलो, काका रागावले, आणि आमच्या रागामुळे त्या अधिकच घट्ट झाल्या, ही आमचीही चूकच. गुरुजींना चौकशीसाठी बोलावणे गेल्याचे कळल्यावर मात्र चार दिवसांत एक माणूस घरी येऊन 1,25,000 रुपये देऊन गेला. पावती नाही, एक शब्द नाही.

ते पैसे काकूंनी बँकेत भरले नाहीत. देवघराखालच्या फळीवर, लाल फडक्यात बांधून ठेवले आहेत. मागच्या आठवड्यात मी गेलो होतो तेव्हा काका आत झोपले आहेत ना याची खात्री करून घेऊन त्यांनी मला विचारले, ‘अनुष्ठान अर्धवट राहिले रे, हे पैसे घरात वापरले तर चालतील का?’