नमुना काहीसा वाढवता येईल

अनुदान प्रस्तावावरचा माझा सव्वा पानी अभिप्राय काल एका वाक्यात आटोपला गेला. ते वाक्य माझे नसले, तरी त्याखाली परीक्षक म्हणून माझा क्रमांक आहे.

प्रस्ताव साधा होता. तपासणीची आठवण करून देणारा संदेश पाठवल्यास वेळेवर येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जाईल, असे अर्जदाराचे म्हणणे होते आणि त्यासाठी संदेश मिळणारे ३० व न मिळणारे ३० रुग्ण घेतले होते. एवढा फरक खरोखरच असेल, तर तो ८० टक्के खात्रीने पकडण्यासाठी नेहमीच्या ५ टक्के सार्थकता पातळीवर प्रत्येक गटात साधारण ३५० रुग्ण लागतात. तिसांमध्ये तो बहुधा निसटेल आणि संदेश निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष निघेल. म्हणून मी विषयाच्या महत्त्वाला पाचपैकी पाच गुण दिले आणि पद्धतीला दोन. दोष पद्धतीचा असल्यामुळे त्याचे गुण अंदाजपत्रकातून पुन्हा कापले नाहीत. एकाच चुकीची शिक्षा दोनदा का द्यायची? शिवाय हिशेब मांडून दोन मार्ग सुचवले: रुग्ण वाढवा, किंवा हा प्राथमिक अभ्यास आहे असे स्पष्ट सांगून किती जण सहभागी होतात आणि किती मध्येच सोडतात, एवढेच मोजा.

सहपरीक्षकांनी सर्व निकषांना चार गुण देऊन ‘चांगला प्रस्ताव’ एवढेच लिहिले होते. गुणांत एकाहून अधिक फरक असल्यास चर्चा करावी, असा नियम असल्याने आमची गाठ घालून देण्यात आली.

“दोन म्हणजे फारच झाले हो,” ते म्हणाले.

“गुणतक्त्यात दोनचा अर्थ ‘गंभीर त्रुटी’ असा दिला आहे.”

“तो तक्ता नवख्यांसाठी असतो. मी माणूस पाहतो. यांचे काम मला माहीत आहे.”

“अर्जदाराच्या अनुभवाचा निकष वेगळा आहे. तिथे मीही चारच दिले आहेत.”

“मग पद्धतीलाही चार द्या, म्हणजे एकसारखे दिसेल.”

नमुन्याच्या आकाराबद्दल विचारल्यावर त्यांनी प्रस्ताव उघडला. पहिल्यांदाच उघडत असावेत, कारण तो बराच वेळ सापडत नव्हता. मग त्यांनी विजयी मुद्रेने सांगितले, “तीस तर आहेत! तीस म्हणजे पुरेसे, हे आम्ही शिकताना पाठ केले होते.” अपेक्षित फरक जितका लहान, तितके रुग्ण जास्त लागतात, हे मी समजावू लागलो तेव्हा समन्वयकांनी घड्याळाकडे पाहून विचारले, “तीनवर जमेल का?”

जमले. वास्तविक आमच्यात मतैक्य झालेच नव्हते, आम्ही केवळ सरासरी काढली होती. मग समन्वयकांनी माझ्या अभिप्रायाचा सूर ‘सौम्य’ केला. हिशेब गेला, दोन्ही मार्ग गेले आणि उरले ते असे: ‘नमुन्याचा आकार काहीसा वाढवता येईल.’ तिसावरून साडेतीनशेवर जाणे, म्हणजे काहीसे! अर्जदाराने हे मनापासून वाचले, तर पुढच्या फेरीत तो प्रत्येक गटात चाळीस रुग्ण घेईल आणि परीक्षकांची सूचना अमलात आणल्याचे प्रामाणिकपणे नमूद करेल.